अंग आंबतं म्हणजे नेमकं काय होतं

रविवारी सिंहगड चढून उतरले तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. वर मटक्यातलं दही खाल्लं, पिठलं-भाकरी खाल्ली, आतकरवाडीच्या वाटेने धडाधड खाली आले. सोमवारी सकाळी मांड्या जराशा जड वाटल्या, इतकंच. मंगळवारी मात्र नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीचा जिना मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एखाद्या खेकड्यासारखी आडवी उतरले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय गं, पडलीस की काय?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं लोकांचे गुडघे, खांदे आणि कमरा हाताळते आहे. त्यामुळे हे दुखणं कुठून आलं, कधी शिगेला पोचेल आणि कधी जाईल, सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असल्याने ते तसूभरही कमी होत नाही, हेही त्या जिन्यावर नव्याने कळलं.

संध्याकाळी घरात तीन वैद्य जमले. आईने हळदीचं दूध पुढे केलं. माझा भाचा ओंकार, जो माझ्याबरोबर गडावर आला होता आणि आता टुणटुणीत होता, म्हणाला, "मावशी, तुझं प्रोटीन कमी पडतं. मी बघ, स्कूप मारला आणि मोकळा." आणि माझी धावणारी मैत्रीण फोनवर सांगत होती की तिने गेल्या अर्धमॅरेथॉनच्या आधी आंबट चेरीचा रस घेतला आणि तिचे पाय दुखलेच नाहीत. बाटली महाग होती, पण वसूल झाली म्हणे.

तिघांचाही अनुभव खरा होता. त्या अनुभवाचं श्रेय मात्र तिघंही भलत्यालाच देत होते.

आपल्या भाषेनेच इथे थोडा घोळ घालून ठेवलाय. मराठीत अंग 'आंबतं'. मांड्या आंबल्या, अंग आंबून गेलं. हा शब्द इतका चपखल आहे की कोणी 'लॅक्टिक ॲसिड साचतं' म्हटलं की आपल्याला लगेच पटतं. आंबलंय म्हणजे आत काहीतरी आंबट असणारच. प्रत्यक्षात जोराच्या व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तास-दीड तासात रक्तातून निघून जातं. मंगळवारच्या जिन्यावर ते कुठून येणार?

याची एक सुंदर परीक्षा १९८३ साली झाली. तीच माणसं ट्रेडमिलवर पाऊण तास पळवली. एकदा सपाटीवर, एकदा उतारावर. सपाटीवर पळताना रक्तात लॅक्टेट वाढलं, पण पुढच्या दिवसांत पाय काही दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही आणि दुखणं मात्र भरपूर. ॲसिडचा निकाल खरं तर तिथेच लागला. चाळीस वर्षं झाली तरी पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये तो अजून पोचलेला नाही, हा भाग वेगळा.

म्हणजे गुन्हेगार चढण नव्हे, उतरण. सिंहगड चढताना दम लागतो, छाती धडधडते, पण मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. ते त्याचं नेहमीचं काम. उतरताना मात्र गुडघा वाकत असतो, स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावायचा असतो. साधारण सहाशे मीटर उतरायचे म्हणजे असे हजारो ब्रेक. स्नायूच्या तंतूत एकामागे एक बसवलेले सूक्ष्म दुवे असतात. त्यांतले जे दुबळे, ते या ताणात प्रमाणाबाहेर ओढले जातात आणि काही आपल्या जागेवरून सुटतात. तेव्हा दुखत नाही. पुढच्या तासांत तिथे सूज येते, साफसफाई करणाऱ्या पेशी जमतात, आणि काही रसायनं आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतात. मग नुसतं बोट दाबलं, पायरी उतरली, उकिडवं बसलं, तरी ती टोकं बोंब मारतात. हे हळवेपण यायला एक दिवस लागतो, शिगेला पोचायला दोन, कधी तीन, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपलं आपण निघून जातं.

ते काहीही केलं नाही तरी जातं, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. माणूस औषध कधी घेतो? सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा. आईने दूध मंगळवारी रात्री दिलं. बुधवारी सकाळी मला बरं वाटलं. दूध न पिता झोपले असते तरी बुधवारी बरंच वाटलं असतं, पण ते सिद्ध करायला मला दुसरा बुधवार कुठून मिळणार?

ओंकारचं कोडं तर आणखी सोपं होतं. तो बहात्तर किलोचा गडी, आठवड्यातून दोनदा खांद्यावर वजन घेऊन बैठका मारतो. बैठकीत खाली जाताना मांडी नेमकं तेच करते जे गड उतरताना करते; ताणत ताणत ब्रेक. म्हणजे त्याच्या मांड्यांची उजळणी दर आठवड्याला होते. मी मात्र चार वर्षांनी गडावर गेले होते. एकदा असा मार बसला की स्नायू पुढच्या वेळेसाठी शहाणा होतो आणि हा शहाणपणा आठवडेच्या आठवडे टिकतो. ओंकारला त्या शहाणपणाने वाचवलं, श्रेय डब्याला गेलं.

मी त्याला कागदावर हिशोब करून दाखवला. भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. स्नायू वाढवणाऱ्यांसाठी साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसत नाही. त्याच्यासाठी ते होतात ११५ ग्रॅम. अंडी, चिकन, पनीर, दूध, डाळ आणि एक स्कूप धरून तो तिथे आधीच पोचतो. त्यावर दुसरा स्कूप म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी. आणि प्रथिन ही दुरुस्तीची वीट आहे. दुरुस्ती चालते कित्येक दिवस, तर दुखणं तिसऱ्या दिवशी ओसरायला लागतं. जे लोक रोज पुरेसं खातात त्यांना जादा प्रथिन दिल्यावर दुखणं कमी झाल्याचं प्रयोगांत सातत्याने दिसलेलं नाही. माझी गोष्ट निराळी. अठ्ठावन्न किलोला किमान ४८ ग्रॅम हवेत आणि वरण-भात-पोळी-भाजीत मी ते कसेबसे गाठते. तेव्हा मी दोन अंडी वाढवायला हवीत, हे मी त्याच्यासमोर कबूल केलं. पण ते मंगळवारच्या मांड्यांसाठी नव्हे.

चेरीचं प्रकरण इतक्या झटकन निकालात निघत नाही. हिच्या मागे खरोखरच काही मोजमापं आहेत. ही चेरी म्हणजे केकवर लावतात ती गोड, लाल गोळी नव्हे. माँटमोरेन्सी नावाची आंबट जात. २०१० साली दोन अभ्यास आले. एकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लांब पल्ल्याच्या रिले शर्यतीचे ५४ धावपटू होते. त्यांना शर्यतीच्या आधी सात दिवस आणि शर्यतीच्या दिवशी, रोज दोन वेळा साडेतीनशे मिलिलिटर रस किंवा तसंच दिसणारं नकली पेय दिलं. खरा रस पिणाऱ्यांचं दुखणं कमी वाढलं. दुसऱ्यात लंडन मॅरेथॉनचे २० धावपटू होते. पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत रस. त्यांच्या पायांतली ताकद लवकर परतली, पण दुखण्यात ठळक फरक दिसला नाही.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, आणि दुकानदार नेमकी तीच सांगत नाहीत. रस आधीपासून चालू होता. दुखायला लागल्यावर बाटली उघडून पिणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणं. मैत्रिणीने तरी आधीच सुरू केला होता, हे तिच्या बाजूने. पण ती तिची दुसरी अर्धमॅरेथॉन होती. पहिलीत तिने रस घेतला नव्हता आणि तिची वाट लागली होती. दुसऱ्या वेळी पाय तसेही कमीच दुखणार होते. रसाने किती केलं आणि पहिल्या शर्यतीने किती, हे वेगळं करायला तिच्याकडे काही उरलेलंच नाही.

आई रत्नागिरीकडची. चेरीचं ऐकून म्हणाली, "आंबटच हवं ना, मग कोकमाचं सरबत पी." रंग तोच, आंबटपणा तोच, शिवाय घरची आगळ. पण ही सगळी मोजमापं त्या एका चेरीची आहेत. ती कोकमाला उसनी देता येत नाहीत, नाहीतर गडाच्या वाटेवर एप्रिल-मेमध्ये द्रोणातून मिळणारी करवंदंही औषधात जमा होतील. डाळिंबाचं त्या मानाने बरं. त्याच्या रसावर प्रयोग झालेत आणि २०११ च्या एका प्रयोगाचा निकाल मला फार आवडतो. पिणाऱ्यांच्या दंडांचं दुखणं कमी झालं, मांड्यांचं नाही. म्हणजे तोच रस, तोच माणूस, दोन अवयव, दोन उत्तरं. मांड्या रोज जिने उतरतात, दंडांना असा ब्रेक लावायची सवय नसते; जिथे मुळात नुकसान जास्त, तिथे फरक दिसायला जागा जास्त. आणि माझा प्रश्न होता मांड्यांचाच.

आता हळद. या विषयावर आईशी वाद घालायला मी दहा वर्षं टाळाटाळ केली आहे.

हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं आणि सूज आणणाऱ्या रसायनांना ते आवर घालतं, हे खरं. पण आपल्या हळदपुडीत ते वजनाच्या जेमतेम तीन टक्के. आईचा सपाट चमचा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला तेव्हा तीन ग्रॅम भरला. म्हणजे पेल्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅम. आता ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचा हिशोब बघा. १७ पुरुषांना एका पायाचा जबर व्यायाम दिला, आणि दोन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत रोज दोनदा अडीच ग्रॅम कर्क्युमिन. दुखणं खरंच कमी झालं. रोजचे पाच ग्रॅम. तेवढं कर्क्युमिन आईच्या डब्यातून घ्यायचं तर दिवसाला पंचावन्न चमचे हळद दुधात ढवळावी लागेल. दूध ढवळणार कसं, मळावं लागेल.

शिवाय पोटात गेलेलं सगळं रक्तात जात नाही. कर्क्युमिन यात फारच आळशी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन फक्त वीस मिलिग्रॅम दिलं, तर शोषण वीसपट होतं. वीसपट ऐकून डोळे विस्फारतात, पण नुसतं घेतल्यावर रक्तात इतकं नगण्य पोचतं की वीसपट करूनही फार मोठा आकडा होत नाही. तरी आईच्या चिमूटभर मिरपुडीला आणि थेंबभर तुपाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. चिमूट चांगली भरलेली असेल तर तेवढं पायपरिन त्यात सहज मावतं, आणि हळदीतलं हे द्रव्य पाण्यापेक्षा स्निग्धात विरघळतं.

याच मिऱ्याच्या जोरावर हल्ली तीव्र कॅप्सुली निघाल्यात, आणि तिथे मी रुग्णांना थांबवते. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अशा कॅप्सुलींबाबत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पेलाभर दुधाला यातलं काही लागू नाही. त्यात करायची ताकद कमी तशी बिघडवायचीही कमी.

शेवटी मी स्वतःवरच प्रयोग केला. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, आईशी भांडण मिटावं म्हणून. कल्पना उसनी होती. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही युक्ती जुनी आहे. एक पक्कं, सव्वा फूट उंचीचं लाकडी स्टूल घेतलं. चढताना उजवा पाय आधी ठेवायचा आणि उतरतानाही उजवाच आधी खाली टाकायचा. असं केलं की शरीर उचलायचं काम प्रत्येक वेळी उजवा पाय करतो, आणि खाली येताना स्टुलावर मागे राहून ब्रेक लावायचं काम प्रत्येक वेळी डावा. पंधरा मिनिटं, मिनिटाला पंधरा वेळा. घामाघूम झाले ती उजव्या पायाच्या मेहनतीने. त्या मांडीला आग लागली होती. डावी अगदी आरामात. ओंकारने पैज लावली की उद्या उजवी दुखणार.

दुसऱ्या दिवसापासून उजवी गप्प आणि डावी ठणकू लागली. जिना उतरताना किती दुखतं याला शून्य ते दहा गुण द्यायचे, रोज त्याच वेळी. डावीचे चार दिवसांचे गुण: ४, ७, ५, २. या वेळी दूध नाही, काही नाही. आई चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

तीन आठवड्यांनी पाय बदलले. आता ब्रेक उजव्याला. या वेळी दोन दिवस आधीपासून रोज रात्री हळद, मिरपूड, तूप घातलेलं दूध. गुण: ३, ६, ४, १.

"बघ," आई म्हणाली. रोज एक-एक गुण कमी. कागद तिने फ्रिजवर चुंबकाने लावला.

मला त्या कागदातली भोकं दिसत होती. पेल्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. हळदीचं दूध लपवून पाजता येत नाही, ओठ पिवळे होतात. आणि एका पायाला मार बसला की थोडं शहाणपण दुसऱ्या पायातही उतरतं, हे मोजलं गेलं आहे. उजवी मांडी कोरी नव्हतीच. एका गुणाच्या फरकाला एवढं पुरतं.

मग मी तिसरी फेरी केली, जी खरं तर ठरलेली नव्हती. आणखी तीन आठवडे थांबून पुन्हा डावी. दूध नाही, रस नाही, अंडी नेहमीचीच. तेच स्टूल, तेवढीच मिनिटं. गुण आले: १, २, १, ०. सात होते त्याचे दोन झाले, आणि या वेळी पोटात काहीच नवं गेलं नव्हतं. मधे फक्त सहा आठवडे गेले होते आणि पहिला मार.

तेव्हापासून गडाचं विचारायला येणाऱ्यांना मी हेच सांगते. दहा-बारा दिवस आधी पर्वतीवर जा. पायऱ्या शंभरावर तीन आहेत. चढून-उतरून तीन-चार फेऱ्या करा, उतरताना सावकाश. दुसऱ्या दिवशी जरासं दुखेल तेवढंच पुरे. तेवढ्या लहान मारानेही पुढचा मोठा मार बराच सौम्य होतो. दुखायला लागल्यावर थोडं चाललं, हलकं चोळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. थांबलं की पुन्हा जखडतं. आणि पाण्याविना उन्हात दमून आल्यावर वेदनाशामक गोळ्या चघळू नका, मूत्रपिंडावर भार येतो.

एक गोष्ट मात्र या साध्या दुखण्यात मोडत नाही. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे मालिशसाठी आला. दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मित्रांच्या पैजेवर शेकडो बैठका मारलेल्या. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढत होतं, मांड्या फुगून टणक झाल्या होत्या, पाय उचलत नव्हता. मी विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? म्हणाला, कोऱ्या चहासारखा. त्याला मी हातही न लावता रिक्षात बसवून रुग्णालयात पाठवलं. स्नायू इतका फुटतो की त्यातला ऐवज रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतो. तिथे हळद-दूध नाही, सलाइन लागतं. तसंच दोन्ही पाय सारखे न दुखता एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, किंवा व्यायामाच्या क्षणीच एका जागी कळ येऊन थांबावं लागलं असेल, तर ते वेगळं काहीतरी आहे.

तिसऱ्या फेरीचे गुण मी आईला दाखवले. चष्मा लावून तिने तीनही ओळी नीट वाचल्या. ७ वर बोट ठेवलं, मग २ वर.

"या वेळी काहीच घेतलं नव्हतंस?"

"काहीच नाही."

"पण मधल्या वेळी घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि कागद पुन्हा फ्रिजवर लावला. "मुरायला वेळ लागतो हळदीला."